रंग आणि दुरुस्तीच्या अटीवर भाडेकरार वाढवताना: इंदूरच्या भाडेकरूंचे नेहमीचे प्रश्न

मी इंदुरात भाड्याचे करारनामे लिहून देतो. सुदामा नगर, लोकमान्य नगर, तिलक नगर या भागांतली बरीच मराठी कुटुंबं किरायानामा संपत आला की येतात आणि म्हणतात, "घर सोडायचं नाहीये हो, पण भिंतींची अवस्था बघा." मालक भाडं वाढवून मागतात, भाडेकरू रंग आणि राहिलेली कामं मागतो, आणि तोंडी "करून देतो"वर सही होऊन जाते. पुढच्या वर्षी तीच भिंत आणि तेच बोलणं. ते टाळायचं कसं, याची उत्तरं इथे आहेत. समजायला सोपं जावं म्हणून एकच घर उदाहरणासाठी घेतलं आहे: सुदामा नगरातला पहिला मजला, वर मोकळी गच्ची, मालक तळमजल्यावर, भाडं १२,००० रुपये, अनामत २४,०००, आणि ११ महिन्यांचा करार ३१ जुलैला संपणार.

करार संपायच्या किती आधी विषय काढावा?

बहुतेक जण शेवटच्या महिन्यात बोलतात. पण दुरुस्तीची अट असेल तर कराराच्या तारखेआधी पावसाची तारीख बघावी लागते. इंदुरात जूनच्या मध्यानंतर पाऊस केव्हाही धरतो आणि सप्टेंबर संपेपर्यंत राहतो. गच्चीचं वॉटरप्रूफिंग कोरड्या स्लॅबवरच होतं. ओल्या स्लॅबवर मारलेलं कोटिंग फुगून सुटतं. म्हणजे आपल्या उदाहरणातला भाडेकरू जुलैत बोलायला गेला, तर मालकाची इच्छा असूनही गच्चीचं काम ऑक्टोबरपर्यंत होणार नाही.

म्हणून जून ते सप्टेंबरमध्ये संपणाऱ्या करारासाठी एप्रिलमध्येच पत्र द्या. करार हिवाळ्यात संपत असेल तर दोन महिने आधी पुरतात. दिवाळीआधीच्या महिन्यात पेंटर मिळत नाहीत आणि मिळाले तर मजुरी जास्त सांगतात, हेही तारखा ठरवताना धरून चाला.

मालकाला रंग आणि दुरुस्ती करून द्यावीच लागते का?

आधी तुमचा जुना करारनामा काढून वाचा. छापील नमुन्यांत पुष्कळदा "छोट्या दुरुस्त्या भाडेकरू करेल" एवढंच असतं आणि मोठ्या कामांबद्दल काहीच नसतं. काही करारांत "घर आहे त्या स्थितीत घेतले" असंही वाक्य असतं. ते असेल तर तुमची बाजू कमजोर होते. नव्या करारात ते काढून घेणं हीच पहिली मागणी ठेवा.

कायद्यात दोन गोष्टी कामाच्या आहेत. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०८ नुसार, जी दुरुस्ती करायला मालक बांधील आहे ती सूचना देऊनही त्यानं वाजवी वेळेत केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. यातला "बांधील आहे" हा भाग महत्त्वाचा. हा कायदा प्रत्येक दुरुस्ती मालकाच्या गळ्यात घालत नाही, म्हणून करारात काय लिहिलं आहे याला इतकं वजन येतं. दुसरा मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, १९६१. तो ज्या घरांना लागू होतो तिथे घर राहण्याजोगं ठेवणं हे मालकाचं कर्तव्य आहे. लेखी सूचनेनंतर भाडेकरूनं केलेला खर्च वळता होतो, पण वर्षाला त्या वर्षाच्या भाड्याच्या बाराव्या हिश्शापर्यंतच. आपल्या घराचं वर्षाचं भाडं १,४४,००० म्हणजे ही मर्यादा १२,००० रुपये.

रंगाबद्दल एक चांगला मापदंड केंद्र सरकारच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात आहे. राज्यानं स्वीकारल्याशिवाय तो आपोआप लागू होत नाही, पण त्यातली कामांची वाटणी बोलणी करताना पुढे ठेवता येते. भिंतींची सफेदी, दारं-खिडक्यांचा रंग, पाण्याचे पाइप बदलणं आणि वायरिंग मालकाकडे. नळ आणि त्यांचे वॉशर, बटणं-सॉकेट, खिडकीच्या काचा-जाळ्या, कडी-कुलपं, तुंबलेली मोरी भाडेकरूकडे.

मग मागणीच्या यादीत काय घालावं आणि काय सोडावं?

वरची वाटणी समोर ठेवून स्वतःकडची कामं आधी उरकून टाका. गळका नळ, फाटकी जाळी, सैल कडी यांवर फार खर्च होत नाही आणि त्यानं बोलण्याचा सूरच बदलतो. पंचवीस कामांची यादी पाहिली की मालकाला सगळीच तक्रार वाटते. चार कामांची यादी तो वाचतो.

आपल्या उदाहरणात यादी अशी उरली: बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीची ओल, स्वयंपाकघराच्या छताच्या कोपऱ्यातली गळती, फुगलेलं बाल्कनीचं दार, आणि हॉल, बेडरूम, स्वयंपाकघराचा रंग. प्रत्येक कामासमोर जागा लिहा. "घराला ओल आहे" असं लिहिलं तर मालक त्यावर पुट्टी फिरवून काम झालं म्हणेल. "बेडरूमची बाथरूमकडची भिंत, जमिनीपासून तीन फुटांपर्यंत, पोपडे सुटलेले" असं लिहिलं की काय करायचं ते ठरून जातं. तारखेसह फोटो काढा, आणि भिंतीजवळ फूटपट्टी किंवा टेप धरून काढा.

ओल कुठून येते हे आम्ही कसं ओळखावं? मालक म्हणतात, "पावसाळी ओल आहे, सुकेल."

हा प्रश्न नीट सोडवल्याशिवाय बाकी सगळी बोलणी वाया जातात, म्हणून जरा सविस्तर.

ओलीच्या कडेला पेन्सिलनं रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. आठवड्यानं बघा. कड रेघेच्या बाहेर गेली असेल तर पाणी अजून येतं आहे. उन्हाळ्यातही पुढे सरकत असेल तर ती पावसाळी ओल नाही, आणि हे मालकाला दाखवायला ती रेघच पुरते.

आपलं घर पहिल्या मजल्यावर आहे. तळमजल्याच्या जुन्या घरांत जमिनीतली ओल भिंतीतून वर चढते, पायथ्याशी सगळ्या लांबीभर दोन-तीन फूट पट्टा उमटतो आणि त्यावर पांढरे क्षार फुटतात. पहिल्या मजल्यावर जमिनीची ओल पोचत नाही. तिथे भिंतीच्या खालच्या भागात पट्टा दिसला तर संशय बाथरूमवरच घ्यायचा.

बाथरूममध्येही दोन वाटा आहेत: पाणी आणणारा पाइप आणि पाणी नेणारा निचरा. गच्चीवरच्या टाकीतून बाथरूमला येणारा व्हॉल्व्ह काही दिवस बंद ठेवा आणि बादलीनं पाणी नेऊन वापरा. ओल मागे हटू लागली तर भिंतीतला पाइप गळतो आहे. जुन्या घरांत लोखंडी पाइप आतून गंजलेले असतात, एक सांधा बदलला तरी पुढच्या सांध्यातून पाणी येतं, म्हणून तिथे तेवढी पूर्ण ओळच बदलायला सांगा. व्हॉल्व्ह बंद असूनही ओल वाढत राहिली तर फरशीचे सांधे किंवा नहाणी ट्रॅप. तेव्हा नहाणीच्या तोंडात कापडाचा बोळा घट्ट बसवा, फरशीवर इंचभर पाणी भरा, पातळीची खूण करा आणि एक दिवस तसंच ठेवा. पातळी स्पष्ट उतरली किंवा खाली मालकांच्या छताला डाग आला, तर पाणी फरशीतून जातं आहे. पातळी तशीच राहिली, पण बोळा काढून रोजचा वापर सुरू केल्यावर ओल वाढली, तर ट्रॅप किंवा त्यापुढचा निचऱ्याचा पाइप. ही चाचणी मालकांना सांगूनच करा, त्यांच्या डोक्यावर पाणी साठवून ठेवायचं आहे.

स्वयंपाकघराच्या छताचा डाग वेगळा. तो फक्त पावसानंतर ओला होत असेल तर गच्ची. पण इंदुरात आणखी एक कारण वारंवार सापडतं. नर्मदेचं पाणी बऱ्याच भागांत एक दिवसाआड येतं, त्या दिवशी मोटर लावून टाकी भरली जाते, बॉल कॉक खराब असतो आणि टाकी वाहून गच्चीवर पाणी साचतं. डाग पाणी येण्याच्या दिवशी गडद होतो का, हे दोन-तीन आठवडे कॅलेंडरवर खूण करून बघा. तसं असेल तर पूर्ण गच्चीचं वॉटरप्रूफिंग मागण्याआधी बॉल कॉक बदला. मालकाचे हजारो रुपये वाचतात, आणि पुढच्या मागणीला तुमचा शब्द खरा मानला जातो.

गच्चीच दोषी ठरली तर आधी पॅरापेट आणि स्लॅब जिथे मिळतात तिथला सिमेंटचा गोलावा बघा. त्याला मराठीत वाटा म्हणतात, इथले मिस्त्री गोला म्हणतात. तो तडकला असेल तर सगळ्या स्लॅबवर महागडं कोटिंग मारूनही पाणी त्या फटीतून उतरत राहतं.

आधी रंग देतो म्हणतात, गळती नंतर बघू म्हणतात. चालेल का?

नाही. असा रंग नाकारा, अगदी फुकट मिळत असला तरी. ओल्या भिंतीवर पुट्टी आणि रंग बसतो, दिसतोही छान, पण आतलं पाणी बाहेर येताना क्षार घेऊन येतं आणि काही महिन्यांत पोपडे सुटतात. मग मालक म्हणतात, "आत्ताच तर रंग दिला होता, तुम्ही काय केलंत?" आणि घर सोडताना तोच खर्च तुमच्या अनामतीवर येतो.

क्रम असा ठेवा: पाण्याचा उगम बंद करणं, सुटलेलं प्लास्टर विटेपर्यंत खरवडून काढणं, भिंत सुकू देणं, नवं प्लास्टर, ते सुकू देणं, मग पुट्टी, प्रायमर आणि रंग. नव्या सिमेंट प्लास्टरला साधारण चार आठवडे द्या, पावसाळ्यात त्याहून जास्त. भिंत सुकली की नाही हे बघायला फूटभर चौरस प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपनं भिंतीला चिकटवा आणि एक दिवसानं काढा. भिंतीकडच्या बाजूला थेंब किंवा दमटपणा असेल तर अजून थांबा.

अट नेमक्या कोणत्या शब्दांत लिहावी? "काम केलंत तरच राहू" असं लिहू का?

तसं लिहू नका. ते वाचून मालक म्हणू शकतात की भाडेकरूनं सोडण्याची सूचना दिली, आणि दुसरा भाडेकरू बघायला लागतात. तुमची इच्छा राहण्याची आहे, ती पहिल्या वाक्यातच लिहा.

उलट बाजूची चूकही तेवढीच होते. मालकांनी "१० टक्के वाढ देऊन राहा" असा निरोप पाठवला की लोक मोबाईलवर "हो काका, चालेल" लिहून मोकळे होतात आणि रंगाचं नंतर काढतात. भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे स्वीकार बिनशर्त असावा लागतो. तुम्ही बिनशर्त हो म्हणालात तर वाढ मान्य झाली. "हो, पण ही कामं झाल्यावर" असं म्हणालात तर तो तुमचा नवा प्रस्ताव ठरतो आणि मालक त्यावर हो म्हणेपर्यंत काहीच ठरलेलं नसतं. म्हणून वाढ आणि कामं एकाच पत्रात, एकाच दमात लिहा. नमुना असा:

"ती. काकांस, सा. न. वि. वि. आपल्या पहिल्या मजल्याचा करार ३१ जुलैला संपतो आहे. आम्हाला येथेच राहायचे आहे व १ ऑगस्टपासून पुढील ११ महिन्यांचा करार करायचा आहे. आपण सुचवलेले १३,२०० रुपये भाडे सोबतच्या यादीतील कामे पूर्ण झाल्यावर द्यायला आम्ही तयार आहोत. कामे पूर्ण होईपर्यंत सध्याचे १२,००० रुपये भाडे वेळेवर देत राहू. गच्चीचे काम पावसाआधी होणे गरजेचे असल्याने १५ मेपर्यंत कळवावे, ही विनंती. हे पत्र घर सोडण्याची सूचना नाही."

शेवटचं वाक्य कोरडं वाटतं, तरी ठेवा. पत्र हातात देऊन प्रतीवर सही घ्या. मालक बाहेरगावी असतील तर स्पीड पोस्टनं पोचपावतीसह पाठवा आणि त्याचा फोटो मोबाईलवरही टाका. मालक मराठी असतील तर पत्र मराठीत चालतं. करारनामा मात्र इथे बहुधा हिंदीत टाइप होतो, तेव्हा कामांची यादी हिंदीत उतरवताना एकही ओळ गळू देऊ नका. टायपिस्टकडे जुनी फाइल असते आणि तो फक्त तारीख आणि रक्कम बदलतो.

मालक म्हणतात, "आधी सही करा, काम मग करतोच की." काय करावं?

सही करा, पण भाडेवाढ कामाला बांधून. माझ्या अनुभवात यापेक्षा परिणामकारक कलम दुसरं नाही. भाडं रोखण्यात धोका असतो, तोंडी शब्दाला आधार नसतो. वाढ कामाशी जोडली की उशीर झाल्यास मालकाचं थोडं नुकसान होतं, आणि वेळेत काम केल्यास त्यांचं काहीच जात नाही.

आपल्या घराचा हिशेब बघा. १० टक्के वाढ म्हणजे महिन्याला १,२०० आणि ११ महिन्यांचे १३,२००. (११ महिन्यांच्या करारात १० टक्के वाढ नेहमीच एका महिन्याच्या नव्या भाड्याएवढी होते, हे मालकांशी बोलताना हाताशी असू द्या.) कामांचे दोन गट केले. गच्चीचा गोला, बाथरूमची गळती आणि दार ही कामं पावसाआधी, १५ जूनपर्यंत. रंग पाऊस गेल्यावर, २० ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे भिंत सुकायलाही वेळ मिळतो. वाढही दोन भागांत: पहिला गट झाला की पुढच्या महिन्यापासून, पण १ ऑगस्टच्या आधी नाही, ६०० रुपये वाढ, आणि रंग झाला की त्याच्या पुढच्या महिन्यापासून आणखी ६००.

सगळं वेळेवर झालं तर ऑगस्ट ते ऑक्टोबर १२,६०० आणि नोव्हेंबरपासून आठ महिने १३,२००. मालकाला एकूण १,८०० रुपयेच कमी मिळतात. काहीच केलं नाही तर वर्षभर १२,००० वरच राहतं. करारातलं कलम असं: "परिशिष्टातील 'अ' कामे पूर्ण झाल्यावर पुढील महिन्याच्या १ तारखेपासून, परंतु १ ऑगस्टपूर्वी नव्हे, भाडे १२,६०० रुपये व 'ब' कामे पूर्ण झाल्यावर पुढील महिन्याच्या १ तारखेपासून १३,२०० रुपये राहील, तोपर्यंत भाडे १२,००० रुपये राहील." परिशिष्ट करारालाच जोडा, त्याच्या प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या.

रंगाचा खर्च वर्षाच्या वाढीपेक्षा जास्त आहे, असं मालक म्हणतात. त्यांचं खरं आहे का?

पुष्कळदा खरं असतं, आणि ते मान्य करून बोलावं. आपल्या घरात तीन खोल्यांच्या भिंती आणि छतं मिळून २,१०० चौरस फूट भरली आणि पेंटरनं माल-मजुरीसह १२ रुपये फूट सांगितले, तर २५,२०० रुपये होतात. वाढ १३,२००. मालकाला वाटणारच की पदरचे पैसे घालून भाडेकरूचं घर सजवतो आहे. पण रंग चार-पाच वर्षं टिकतो आणि घर त्यांचं आहे. तुम्हाला मात्र ११ महिन्यांचीच खात्री आहे.

मधली वाट काढता येते. छतांवर फक्त पांढरा हात, स्वयंपाकघर पुढच्या वर्षी, आणि यंदा हॉल आणि बेडरूम. त्या बदल्यात तुम्ही ११ महिने घर सोडणार नाही असं कलम द्या. मालकाला मधेच रिकामं घर राहण्याची भीती असते, ती जाते. दोन-तीन वर्षांचा करार करून घ्यायचा असेल तर एक वर्षाहून जास्त मुदतीच्या कराराची नोंदणी सक्तीची आहे, हे लक्षात ठेवून त्याचा खर्च आधीच वाटून घ्या. नोंदणी न केलेल्या लांब कराराच्या अटी कोर्टात पुरावा म्हणून उभ्या राहत नाहीत.

"तुम्हीच करून घ्या, भाड्यातून वळते करू" असं म्हणाले तर?

चांगला पर्याय आहे. कामावर तुमची नजर राहते. पण काम सुरू करण्याआधी पेंटरचा किंवा मिस्त्रीचा अंदाज मालकाला पाठवा आणि त्यावर लेखी होकार घ्या: किती रकमेपर्यंत, किती हप्त्यांत वळती होणार, आणि मधेच करार संपला तर उरलेली रक्कम मालक परत देणार. तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात. समजा बाथरूमचं काम ९,६०० चं झालं आणि चार महिने २,४०० प्रमाणे वळते करायचे ठरले. दर महिन्याच्या पावतीवर "भाडे १२,०००, दुरुस्तीपोटी वजा २,४००, रोख ९,६००" असं पूर्ण लिहून घ्या. नुसती ९,६०० ची पावती पुढे थकबाकीसारखी दिसते. आधी काम करून मग बिल दाखवलं, तर वाद होण्याचीच शक्यता जास्त.

काम होईपर्यंत भाडंच थांबवलं तर?

थांबवू नका. भाडं थकलं की सगळी बाजू उलटते. थकबाकी हे घर खाली करून मागण्याचं मालकाच्या हातातलं सगळ्यात सोपं कारण असतं. भाडं दर महिन्याला बँकेतून किंवा यूपीआयनं द्या आणि शेऱ्यात महिना लिहा. मालक घ्यायलाच तयार नसतील तर मात्र लगेच वकील गाठा, कारण ते भाडं रीतसर जमा कसं करायचं हे तुमच्या घराला लागू असलेल्या कायद्यावर ठरतं.

३१ जुलै उलटून गेला, नवा करार झाला नाही, पण मालकांनी ऑगस्टचं भाडं घेतलं. आता आम्ही कुठे आहोत?

मालकानं संमतीनं भाडं घेतलं असेल तर राहण्याच्या घराचा करार सहसा महिन्या-महिन्याचा म्हणून पुढे चालतो. हे त्याच १८८२ च्या कायद्याच्या कलम ११६ मध्ये आहे. जुन्या अटी आणि जुनं भाडं तसंच राहतं. पण अशी महिन्याची भाडेदारी कलम १०६ प्रमाणे १५ दिवसांच्या सूचनेनं संपवता येते. म्हणजे मालकाला वाढ आपोआप मिळत नाही आणि तुम्हाला वर्षाची शाश्वती राहत नाही. अशा वेळी पहिल्या भाड्याबरोबरच दोन ओळी पाठवा: नव्या कराराची बोलणी चालू आहेत, भाडं जुन्या दरानं देत आहोत, कामांची यादी तीच आहे.

काम पूर्ण झालं हे कोणी ठरवायचं?

तुम्ही आणि मालकांनी यादी हातात घेऊन, एकाच वेळी, दिवसाउजेडी. रंगाला फार काही बघावं लागत नाही: दोन हात झाले का, बटणांच्या पट्ट्यांमागे आणि दाराच्या वरच्या कडेला रंग आहे का. गळतीला मात्र त्याच दिवशी पास करू नका. बाथरूमसाठी पाणी भरण्याची चाचणी पुन्हा करा. गच्चीसाठी "पहिल्या दोन जोरदार पावसांनंतर डाग न आल्यास पूर्ण" असं यादीतच लिहून ठेवा. मिस्त्रीचे शेवटचे थोडे पैसे तोपर्यंत ठेवावेत, हे मालकांना नक्की सुचवा. त्यात त्यांचाच फायदा आहे.

बेडरूमच्या ओल्या भिंतीवरचं बटण हाताला झिणझिण्या आणतं. तेही यादीत घालू?

यादीत घालाच, पण कराराची वाट बघू नका. त्या भागाचा एमसीबी आजच खाली करा, बटणाला हात लावू नका आणि मालकांना आत्ता फोन करा. ओल्या भिंतीतल्या वायरीतून विजेचा धक्का बसून माणूस जातो. इलेक्ट्रिशियनला अर्थिंग तपासायला सांगा आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का ते बघायला सांगा. नसेल तर बसवून घ्या. एमसीबी वायर जास्त तापण्यापासून वाचवतो, माणसाला धक्क्यापासून वाचवतो तो आरसीसीबी. एवढा खर्च कोणाचा यावर नंतर बोला.

काका-काकूंशी इतक्या वर्षांचा घरोबा आहे. मुलांना त्यांनी नातवंडांसारखं वाढवलं. त्यांच्याकडे कागदावर सही कशी मागू?

ही अडचण खरी आहे आणि इंदूरच्या मराठी वस्त्यांत तर फारच. संक्रांतीला काकू तिळगूळ देतात, गणपतीला आरती एकत्र होते, आणि तिथे यादी घेऊन जायचं म्हणजे जीव वर-खाली होतो. पण घराचा व्यवहार बहुधा पुढे काकांचा मुलगा बघणार असतो, तो पुण्यात किंवा बंगळुरूत असतो आणि तुमचं तोंडी काय ठरलं होतं हे त्याला माहीत नसतं. काकांना हेच सांगा: "उद्या दादाला अडचण नको, म्हणून लिहून ठेवू." आधी चहाला बसून बोला, ओलीवरची पेन्सिलची रेघ त्यांना प्रत्यक्ष दाखवा, आणि कागद दुसऱ्या दिवशी द्या. चर्चेआधीच हातात पत्र पडलं की म्हातारी माणसं दुखावतात.

घर सोडताना रंगाचे पैसे अनामतीतून कापतात. आत्ता रंग दिला तर तेव्हाही कापतील?

रोजच्या वापरानं होणारी झीज भाडेकरूच्या माथी येत नाही. कलम १०८ मध्येच ती वगळली आहे. पण "सोडताना एक महिन्याचं भाडं रंगासाठी" असं कलम तुम्ही सही करून मान्य केलं असेल तर वाद घालणं अवघड. म्हणून नव्या करारात रंग पूर्ण झाल्याची तारीख लिहा आणि कापण्याचं कलम बदलून घ्या: फक्त खिळ्यांची भोकं, चित्रकलेचे डाग, तेलाचे ओघळ अशा नुकसानीपुरतेच, बिल दाखवून पैसे कापावेत. रंग सुकल्यावर प्रत्येक भिंतीचा फोटो काढून त्याच दिवशी मालकांना पाठवा. अनामत वाढवून मागत असतील तर आधीचे २४,००० जमा आहेत आणि वरची रक्कम एवढी, असं दोन्ही आकड्यांसह लिहून घ्या. नव्या करारात फक्त नवी रक्कम टाइप झाली, तर जुनी अनामत कुठल्याच कागदावर दिसत नाही.